रात्री पावणेतीनचा फोन: क्रिटिकल व्हॅल्यूची नोंद कशी लिहायची

पेशंटच्या जिवाला धोका दाखवणारा निकाल लगेच फोनवर कळवायचा आणि त्या फोनची नोंद क्रिटिकल रजिस्टरमध्ये करायची, हा लॅबचा रिवाज. आमच्या जुन्या रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरातली एक ओळ आहे. 'पोटॅशियम ६.९, मेल मेडिकल, सिस्टर पवार, २.४५, रीड-बॅक' आणि पुढे बरोबरची खूण. रीड-बॅक म्हणजे फोन घेणाऱ्याने ऐकलेला आकडा परत वाचून दाखवणं. खाली माझी सही. लिहिली तेव्हा त्या ओळीत काही कमी आहे असं मला वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फिजिशियन सरांनी केसपेपर समोर ठेवून मला वर बोलावलं. वॉर्डच्या नर्सिंग नोट्समध्ये लिहिलं होतं: लॅबचा फोन, पोटॅशियम ६.५, वेळ २.४०. छापील रिपोर्टवर आकडा ६.९ आणि निकालाची वेळ ०२:४९. कागदांवर विश्वास ठेवायचा तर निकाल यायच्या चार मिनिटं आधीच मी तो कळवला होता, आणि वॉर्डने माझा फोन मी करायच्या पाच मिनिटं आधी घेतला होता.

सरांचा राग वेळेवर नव्हता, आकड्यावर होता. रात्री उपचार सुरू करून साडेपाचला पुन्हा सॅम्पल पाठवलं होतं, ते आलं ६.४. ड्यूटीवरच्या डॉक्टरांच्या समोर आधीचा आकडा ६.५ होता. तीन तासांत फक्त ०.१ उतरलं म्हणजे औषधाचा काही उपयोग होत नाही असं त्यांनी धरलं आणि पहाटे डायलिसिसची धावपळ सुरू केली. खरा आकडा ६.९ होता, म्हणजे पोटॅशियम ०.५ ने खाली आलं होतं. पेशंटला सुदैवाने काही झालं नाही. पण सरांनी विचारलं, "फोन कोणी घेतला?" आणि माझ्याकडे उत्तर होतं 'सिस्टर पवार'. त्या रात्री त्या मजल्यावर दोन पवार सिस्टर होत्या, आणि तिसऱ्या आयसीयूतून मदतीला खाली आलेल्या. नाशिकच्या कुठल्याही हॉस्पिटलमध्ये पवार, जाधव, आहेर, निकम अशी हाक मारा, दोन-तीन माना वळतात.

यात खोटं कोणीच बोललं नव्हतं. त्या एका ओळीत वेळ कोणाच्या घड्याळाची, माणूस नेमका कोण आणि परत वाचलेला आकडा कोणता, ही तीन उत्तरं नव्हती. ती तीन उत्तरं नोंदीत कशी उतरवायची, ते फोन उचलण्याच्या क्रमानेच सांगते.

फोनला हात लावण्याआधी

मशीनवर आकडा लाल झाला की हात सरळ फोनकडे जातो. त्याआधी दोन मिनिटं ट्यूबला द्या. पोटॅशियमच्या बाबतीत तर द्याच. सिरम गुलाबी-लालसर दिसत असेल तर पेशी फुटून पोटॅशियम बाहेर आलेलं असू शकतं. त्याच सॅम्पलचं कॅल्शियम अशक्य वाटावं इतकं कमी असेल तर जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए मिसळलंय का, ते बघा. कोणीतरी एका ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलेलं असतं. साखर खूप जास्त आणि सोडियम कमी असेल तर ग्लुकोजचं सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त काढलंय का, ते विचारायचं. रक्त काढल्यावर सिरम किती वेळाने वेगळं केलं तेही पाहा. रक्त तासन्‌तास तसंच पडून राहिलं तरी पोटॅशियम वाढतं.

शंका आली म्हणून गप्प बसायचं नाही. वॉर्डला फोन करायचा, "सॅम्पल हिमोलाइज्ड आहे, नवीन पाठवा" असं सांगायचं, आणि रजिस्टरमध्ये हे वाक्य तसंच्या तसं लिहायचं. अशा वेळी आकडा सांगायचा की नाही हे तुमच्या लॅबच्या पद्धतीत आधी ठरलेलं असावं. रात्री अडीच वाजता एकट्या टेक्निशियनने ठरवायची ती गोष्ट नाही. क्रिटिकल कशाला म्हणायचं ती यादीही प्रत्येक लॅब आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवते. आमच्याकडे पोटॅशियमची वरची हद्द ६.२ आहे, शेजारच्या हॉस्पिटलमध्ये ६.५ असू शकेल. दुसऱ्याची यादी भिंतीवर चिकटवू नका.

मग रजिस्टर उघडायचं आणि फोन लावण्याआधीच अर्धी ओळ भरून ठेवायची: तारीख, पेशंटचं पूर्ण नाव, आयपी नंबर, वॉर्ड आणि बेड, टेस्ट, आकडा, एकक, रक्त काढल्याची वेळ, निकाल पक्का केल्याची वेळ. म्हणजे फोनवर असताना हाताला तीनच गोष्टी लिहायला उरतात. बरेच जण उलटं करतात. आधी फोन, मग दुसरे दोन सॅम्पल लावणं, मग चहा, आणि शिफ्ट संपताना बसून सगळ्या ओळी एका दमात, एकाच पेनाने. अशा नोंदी ओळखायला फार हुशारी लागत नाही: सगळ्या वेळा ५ किंवा ० ने संपतात. २.४५, ३.१०, ४.३०. माझीही २.४५ अशीच होती.

वेळ: तीन वेळा, एक घड्याळ

नोंदीत तीन वेळा हव्यात. निकाल पक्का केला ती, पहिल्यांदा फोन लावला ती, आणि रीड-बॅक पुरा झाला ती. पहिल्या दोनमधलं अंतर लॅबचं असतं, दुसऱ्या-तिसऱ्यातलं बहुतेक वेळा फोन न उचलणाऱ्यांचं. एकच वेळ लिहिली की हे दोन्ही उशीर एकमेकांत मिसळतात आणि भांडण लॅबच्या अंगावर येतं. शिवाय 'कळवले' ही वेळ कोणती धरायची यावरही मतभेद नको: फोन लावला ती नव्हे, समोरच्याने आकडा बरोबर वाचून दाखवला ती.

आता घड्याळ. माझ्या त्या केसचा छडा आम्ही सरांनी बोलावल्याच्या दुसऱ्या दिवशी लावला. मोबाइलची नेटवर्कवरची वेळ समोर धरून सगळी घड्याळं तपासली. लॅबच्या भिंतीवरचं बरोबर होतं. बायोकेमिस्ट्रीच्या मशीनचं घड्याळ सहा मिनिटं पुढे निघालं. वॉर्डमधल्या नर्सिंग स्टेशनचं पाच मिनिटं मागे. आता हिशेब करा. रिपोर्टवरचे ०२:४९ म्हणजे प्रत्यक्षात ०२:४३. माझा फोन ०२:४५. वॉर्डचे २.४० म्हणजेही ०२:४५. सगळं जुळलं. निकालानंतर दोन मिनिटांत फोन झालेला होता, म्हणजे काम चोख होतं, पण कागदावर ते काम आधी झालेलं आणि म्हणून बनावट दिसत होतं.

तेव्हापासून आमच्याकडे दर सोमवारी सकाळच्या शिफ्टचा माणूस मोबाइल घेऊन फिरतो. मशीनं, लॅबचा कॉम्प्युटर, भिंतीवरचं घड्याळ, इंटरकॉमचा डिस्प्ले. एक मिनिटापेक्षा जास्त फरक दिसला तर दुरुस्ती आणि छोट्या वहीत एक ओळ. वॉर्डची घड्याळं आमच्या हातात नाहीत, म्हणून फोनवर शेवटी वेळ मीच सांगते: "सिस्टर, माझ्याकडे दोन सत्तेचाळीस झालेत, तुम्हीही तेच लिहा." दोन्ही कागदांवर एकच वेळ यावी यासाठी यापेक्षा स्वस्त उपाय मला सापडलेला नाही.

वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहायची, चारही आकडे: ०२:४७. '२.४५' लिहिलं की दुपार की रात्र हे शिफ्टवरून ओळखावं लागतं. आणि मध्यरात्रीकडे लक्ष. नाईटला आलेला माणूस पानाच्या डोक्यावर '२३ तारीख, नाईट' लिहितो आणि खाली सकाळपर्यंत नोंदी करत जातो. मग ००:२० चा फोन २३ तारखेचा दिसतो, जो खरं तर २४ चा आहे, आणि कॉम्प्युटर त्याच फोनला २४ दाखवतो. तारीख पानावर नको, प्रत्येक ओळीत हवी.

कॉम्प्युटरवर नोंद करणाऱ्यांसाठी एक सावधानता. सॉफ्टवेअर आपोआप जी वेळ उमटवतं ती तुम्ही टाइप केल्याची असते, बोलल्याची नव्हे. फोन ०२:४७ ला झाला आणि तुम्ही ०३:३० ला टाइप केलंत तर शेरा ०३:३० चा पडतो. म्हणून शेऱ्याच्या मजकुरातच बोलण्याची वेळ लिहायची.

कोणाशी बोललात

फोन उचलणारा आणि निकाल घेणारा हे दोघे वेगळे असू शकतात, हे आधी मनाशी धरा. रात्री वॉर्डचा फोन बऱ्याचदा मामा किंवा मावशी उचलतात. ते भले कामाचे असतील, निकाल त्यांच्याकडे द्यायचा नाही, निरोपही ठेवायचा नाही. "मामा, सिस्टरना फोनवर बोलवा, मी लाइनवर थांबते." सिस्टर पेशंटकडे अडकल्या असतील तर दोन मिनिटं थांबायचं आणि नोंदीत लिहायचं: ०२:४५ फोन लावला, अटेंडंटने उचलला, सिस्टर ०२:४६ ला लाइनवर. निकाल डॉक्टरांनी किंवा त्या पेशंटची जबाबदारी असलेल्या नोंदणीकृत नर्सने घ्यायचा. शिकाऊ नर्सला देऊ नका. ओपीडीच्या पेशंटसाठी दवाखान्यात फोन केला तर कंपाउंडर उचलेल. त्याच्याकडून डॉक्टरांचा नंबर घ्यायचा, त्याला आकडा द्यायचा नाही.

नाव सुरुवातीला विचारा, शेवटी नाही. शेवटी विचारायचं ठरवलं की आकडा ऐकताक्षणी सिस्टर फोन ठेवून पेशंटकडे पळतात, आणि पळायलाच हवं. सुरुवातीचं वाक्य मी असं ठेवलंय: "लॅबमधून बोलतेय, क्रिटिकल व्हॅल्यू आहे. आपलं पूर्ण नाव आणि एम्प्लॉयी नंबर सांगता का?" यात त्यांना कागद-पेन ओढायला वेळही मिळतो. पहिलं नाव, आडनाव, पद, एम्प्लॉयी नंबर. एजन्सीतून आलेल्या सिस्टरांकडे नंबर नसतो. तिथे एजन्सीचा स्टाफ असं लिहून शिफ्ट इन्चार्जचं नाव बाजूला टाका. 'वॉर्ड सिस्टर', 'आरएमओ सर', 'ड्यूटी डॉक्टर' ही नावं नव्हेत. तीन महिन्यांनी कोणी विचारलं तर त्या रात्री आरएमओ कोण होतं हे ड्यूटी चार्ट शोधून काढावं लागतं, आणि ड्यूटी आपसांत बदललेली असली तर चार्टही खोटं सांगतो.

रीड-बॅक म्हणजे 'हो, हो, लिहिलं' नव्हे

माझ्या त्या ओळीतली बरोबरची खूण कशाची होती, ते प्रामाणिकपणे सांगते. मी म्हटलं, "पोटॅशियम सिक्स पॉइंट नाइन." तिकडून आलं, "हो, घेतलं." मी पुन्हा म्हटलं, "सिक्स पॉइंट नाइन, बरं का." "हो, हो." आणि मी खूण केली. दोन्ही वेळा आकडा माझ्याच तोंडचा होता. तिने काय ऐकलं ते मी ऐकलंच नव्हतं.

नाइन आणि फाइव्ह फोनवर एकसारखे ऐकू येतात. विमानाच्या रेडिओवर नाइनऐवजी मुद्दाम 'नाइनर' म्हणतात ते याचसाठी. आपल्या मराठीत तर यापेक्षा मोठे खड्डे आहेत. सात आणि साठ: प्लेटलेट सात हजार की साठ हजार? सहा आणि दहा: हिमोग्लोबिन सहा म्हणजे रक्त चढवायची तयारी, दहा म्हणजे रात्रभर झोप. एकोणसाठ आणि एकोणसत्तर सांगताना-ऐकताना अर्धी माणसं मनात गणित करतात, त्यात केरळहून आलेल्या सिस्टर असतील तर विचारूच नका. इंग्रजीतही फिफ्टीन-फिफ्टी आहेच. साडेसहा, अडीच, पावणेदोन हे शब्द भाजीबाजारात ठेवून यायचे.

म्हणून आकडा इंग्रजीत आणि सुटा सुटा सांगायचा. ११८ सोडियम म्हणजे "वन, वन, एट". ७००० प्लेटलेट म्हणजे "सेव्हन थाउजंड, सेव्हन आणि तीन झिरो". ६.९ म्हणजे "सिक्स, पॉइंट, नाइन, आठच्या पुढचा नऊ". शेवटचा तुकडा बालिश वाटतो, पण नाइन-फाइव्हचा घोळ त्याने सुटतो.

सांगून झालं की गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे. "सिस्टर, आता लिहिलेलं मला वाचून दाखवा, पेशंटच्या नावापासून." मग नजर स्क्रीनवर, कान फोनवर. त्या अडखळल्या तरी आपण आकडा पुरवायचा नाही, कारण पुरवला की तो पुन्हा तुमचाच प्रतिध्वनी होतो. त्यांनी पाच गोष्टी वाचायला हव्यात: पेशंटचं नाव, आयपी नंबर, टेस्ट, आकडा, एकक. आयपी नंबर वगळू देऊ नका. वॉर्डात एकाच आडनावाचे दोन पेशंट शेजारच्या बेडवर असणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि बरोबर आकडा चुकीच्या बेडवर गेला तर रीड-बॅक होऊनही नुकसान तेच.

आता नोंदीचा माझा आग्रह. रीड-बॅकच्या रकान्यात खूण करू नका, 'हो' लिहू नका, 'ओके' लिहू नका. ऐकलेला आकडा लिहा. रजिस्टरमध्ये दोन वेगळे रकाने आखा: 'सांगितलेला आकडा' आणि 'परत ऐकलेला आकडा'. पहिला फोनआधी भरलेला असतो, दुसरा समोरचा वाचत असताना भरायचा. खूण सवयीने पडते, हात आपोआप मारतो. आकडा लिहायचा असेल तर ऐकावाच लागतो. आमच्या छापील रजिस्टरमध्ये 'रीड-बॅक: हो / नाही' असा रकाना होता, आम्ही प्रिंटरकडून नवीन रजिस्टर होईपर्यंत त्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून काम चालवलं.

चुकीचा रीड-बॅक आला तर तो लपवू नका. 'प्रथम ६.५ वाचले, दुरुस्त केले, पुन्हा ६.९ वाचले' असं लिहा. नवीन मुलांना वाटतं की यात सिस्टरची तक्रार होते. मला तर अशीच नोंद सगळ्यात खरी वाटते, कारण कोणीतरी खरोखर ऐकत होतं हे तिच्यातूनच कळतं. वर्षभराच्या रजिस्टरमध्ये एकही चुकलेला रीड-बॅक नसेल तर मला शंका येते.

आकडे लिहिताना आणखी एक. हा लेख मराठी आकड्यांत आहे, पण रजिस्टर मराठी आकड्यांत लिहू नका. घाईत लिहिलेला देवनागरी १ इंग्रजी 9 सारखा दिसतो, आणि एका ओळीत दोन्ही लिप्या मिसळल्या की ते 19 होते की ११ हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. सगळे आकडे इंग्रजी, दशांशचिन्ह ठळक, आणि एकाच्या आतला आकडा असेल तर दशांशचिन्हाआधी शून्य.

डॉक्टरांकडून रीड-बॅक मागताना जीभ अडखळते, ते मला माहीत आहे. "अगं कळलं मला, ठेव." मी म्हणते, "सर, माझ्या रजिस्टरमध्ये तुम्ही वाचलेला आकडा लिहायचाय, एकदा म्हणा फक्त." मागणी रजिस्टरची आहे म्हटल्यावर बहुतेक जण म्हणतात. तरीही फोन ठेवलाच तर नोंदीत लिहायचं: 'डॉक्टरांना ०२:४७ ला सांगितले, रीड-बॅक मिळाला नाही'. आणि लगेच वॉर्डच्या सिस्टरना दुसरा फोन करून त्यांच्याकडून रीड-बॅक घ्यायचा. तो दुसऱ्या ओळीत.

फोन कोणी उचललाच नाही तर

वॉर्डपेक्षा जास्त त्रास बाहेरच्या पेशंटचा होतो. संध्याकाळी ओझर किंवा पिंपळगावच्या कलेक्शन सेंटरवरून सॅम्पल येतं, रात्री साडेनऊला सोडियम ११४ निघतं, आणि दवाखाना आठलाच बंद झालेला असतो. अशा वेळी नोंद म्हणजे प्रयत्नांची साखळी. प्रत्येक प्रयत्नाला स्वतंत्र ओळ: वेळ, कोणता नंबर, काय झालं. '२१:३४ दवाखाना, रिंग, उत्तर नाही. २१:३६ डॉक्टरांचा मोबाइल, स्विच ऑफ. २१:४१ पुन्हा मोबाइल, स्विच ऑफ. २१:४४ आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना कळवले.' 'अनेकदा प्रयत्न केला, लागला नाही' या वाक्याला काही किंमत नाही.

किती प्रयत्नांनंतर कोणाकडे जायचं हे लॅबने लिहून ठेवलेलं असावं. आमच्याकडे दहा मिनिटांत उपचार करणारे डॉक्टर मिळाले नाहीत तर पॅथॉलॉजिस्टना फोन, आणि पेशंटशी थेट बोलायचं की नाही ते त्या ठरवतात, बोलतातही त्याच. टेक्निशियनने पेशंटच्या घरी फोन करून "सोडियम कमी आहे" एवढंच सांगणं धोक्याचं. घरचे मीठ-साखरेचं पाणी पाजून सकाळची वाट बघतात.

व्हॉट्सॲपबद्दल नेहमी विचारतात. रिपोर्टचा फोटो पाठवला, दोन निळ्या खुणा आल्या, झालं ना? नाही झालं. निळी खूण म्हणजे तो मेसेज त्या फोनवर उघडला गेला. कोणी उघडला आणि काय समजला ते नाही. फोनवर रीड-बॅक घेऊन नंतर मेसेज पाठवा, हरकत नाही. पण नोंदीत 'कळवले' ची वेळ बोलण्याचीच राहील. आणि तो वॉर्डच्या ग्रुपवर टाकू नका. त्यात सोडून गेलेले जुने डॉक्टर आणि कधीतरी ॲड झालेला औषधवालाही असतो.

तीच ओळ, आता लिहायची तर

समजा आज रात्री तसाच पेशंट आला. खालची नावं आणि नंबर नमुन्यापुरते आहेत.

तारीख: २४/०२. पेशंट: रमेश जाधव, आयपी ४४१२, मेल मेडिकल, बेड १४.
टेस्ट: सिरम पोटॅशियम. सांगितलेला आकडा: ६.९ मिलिमोल प्रति लिटर.
सॅम्पल: हिमोलिसिस नाही, रक्त काढले ०२:०५. आधीचा निकाल: २३/०२, ५.१.
निकाल पक्का: ०२:४३. फोन लावला: ०२:४५, इंटरकॉम, अटेंडंटने उचलला. बोलणे सुरू: ०२:४६.
घेणारे: वैशाली पवार, स्टाफ नर्स, एम्प्लॉयी नंबर २०७१.
परत ऐकलेला आकडा: प्रथम ६.५, दुरुस्त केले, दुसऱ्यांदा ६.९. नाव आणि आयपी नंबर बरोबर वाचले.
रीड-बॅक पुरा: ०२:४७. कळवणारे: सही, पूर्ण नाव.

लिहायला पूर्वीपेक्षा जेमतेम एक मिनिट जास्त लागतं, तेही निम्मं फोनआधी. एनएबीएल ज्या मानकावर लॅब तपासते त्या आयएसओ १५१८९ मध्येही हेच मागितलंय: तारीख, वेळ, कळवणारा, ज्याला कळवलं तो, सांगितलेला निकाल आणि कळवताना आलेल्या अडचणी. अडचणी हा शब्द लोक वाचतच नाहीत. उचललेला अटेंडंट, स्विच ऑफ मोबाइल, चुकलेला रीड-बॅक हे सगळं त्यात येतं.

ओळीत चूक झाली तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला बरोबर मजकूर, सही, तारीख-वेळ. व्हाइटनर रजिस्टरच्या टेबलाजवळही ठेवू नका. लिहायचंच राहून गेलं असेल तर 'उशिरा नोंद' असं लिहून लिहिण्याची वेळ वेगळी आणि फोनची वेळ वेगळी द्या. उशिरा नोंद ही चूक आहे, पण ती वेळेवर केली असं दाखवणं हा गुन्हा आहे.

पेशंट वॉर्डात असेल तर साखळीचा दुसरा भाग सिस्टरकडे असतो: लॅबकडून कोणी आणि किती वाजता सांगितलं, डॉक्टरांना किती वाजता कळवलं, डॉक्टरांनी काय सांगितलं. ते लिहून घेणं लॅबचं काम नाही, पण ते आपल्या नोंदीशी जुळतं की नाही हे बघणं फायद्याचं आहे. मी महिन्यातून एकदा रजिस्टरमधल्या दहा ओळी उचलते, वर जाऊन त्या केसपेपरमध्ये शोधते आणि तीनच गोष्टी ताडते: आकडा तोच आहे का, नाव तेच आहे का, वेळेत दोन मिनिटांपेक्षा जास्त फरक आहे का. पहिल्या महिन्यात दहापैकी चार ओळींना वॉर्डच्या कागदावर जोडीदारच सापडला नाही. फोन झाले होते, पण सिस्टरांनी आकडा हातावर, गॉझच्या पाकिटावर, एकीने तर बीपीच्या चार्टच्या मागे लिहिला होता आणि शिफ्टचा ओव्हर देताना तोंडी सांगितला होता. मग मेट्रनशी बोलून प्रत्येक नर्सिंग स्टेशनच्या फोनखाली दोरीने बांधलेलं एक छोटं पॅड ठेवलं. त्यावर छापलेत तेच रकाने, त्याच क्रमाने, जे आमच्या रजिस्टरमध्ये आहेत. आता मी आकडा सांगते तेव्हा तिकडे पानाचा आवाज येतो, आणि तो आला नाही तर मी थांबते.